प्रच्छाया आणि उपच्छाया: ग्रहणातल्या दोन सावल्या जमिनीवरून कशा दिसतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रच्छाया आणि उपच्छाया यांत नेमका फरक काय?

सूर्य हा बिंदू नाही, तो आकाशात अर्ध्या अंशाएवढी तबकडी म्हणून दिसतो. सगळी गंमत इथूनच सुरू होते. दिवा जर सुईच्या टोकाएवढा असता तर वस्तूची सावली एकच, काटेकोर कडेची पडली असती. दिवा पसरट असला की वस्तूच्या मागे अशी एक जागा तयार होते जिथून दिव्याचा कुठलाच भाग दिसत नाही आणि तिच्याभोवती अशी दुसरी जागा, जिथून दिव्याचा काही भाग दिसतो, काही झाकलेला असतो. पहिली प्रच्छाया, दुसरी उपच्छाया. काही पुस्तकांत गडद छाया आणि विरळ छाया असेही शब्द सापडतील.

आकृत्या पाहून गोंधळ होत असेल तर त्या बाजूला ठेवा आणि एवढाच प्रश्न विचारा: मी जिथे उभा आहे तिथून सूर्य किती दिसतो? मुळीच दिसत नसेल तर मी प्रच्छायेत आहे. तुकडा दिसत असेल तर उपच्छायेत. पूर्ण दिसत असेल तर सावलीच्या बाहेर. सूर्यग्रहणात आपण स्वतः सावलीत उभे असतो, त्यामुळे ही कसोटी थेट लागू पडते. चंद्रग्रहणात सावलीत चंद्र असतो आणि आपण तो लांबून बघतो. दोन्ही ग्रहणांत या सावल्या इतक्या वेगळ्या का दिसतात त्याचं मूळ यातच आहे.

ग्रहण नसताना हे बघता येतं का?

येतं, आणि एकदा बघून घ्याच. दोन सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापा, बारीक तारेच्या टोकाला चिकटवा आणि भर उन्हात तिची सावली पांढऱ्या कागदावर पाडा. चकती सूर्याकडे तोंड करून आणि कागद तिला समांतर धरा. कागद अगदी जवळ असेल तर सावली काळी, रेखीव. कागद एक मीटर मागे न्या. आता मधला काळा ठिपका जेमतेम एक सेंटिमीटरचा उरलेला असेल आणि त्याच्याभोवती करड्या रंगाचं वलय बाहेरच्या बाजूला विरत गेलेलं दिसेल. ठिपका म्हणजे प्रच्छाया, वलय म्हणजे उपच्छाया.

कागद आणखी मागे नेत राहिलात तर साधारण 2 मीटर 14 सेंटिमीटरवर काळा ठिपका संपतो. हा आकडा कुठून आला? सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे 107 पट अंतरावर आहे, म्हणून कुठल्याही गोल वस्तूची प्रच्छाया तिच्या व्यासाच्या साधारण 107 पट लांबीवर टोकदार होऊन संपते. दोन सेंटिमीटर गुणिले 107, म्हणजे 214 सेंटिमीटर. त्यापलीकडे कागदावर नुसता पुसट डाग उरतो.

हाच हिशोब रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबालाही लागू पडतो. खांबाच्या बुडाशी सावलीची कड स्पष्ट असते, पण सहा मीटरवरच्या भागाची कड पाच-सहा सेंटिमीटर रुंदीत पसरलेली असते. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारेची सावली जमिनीवर सापडत नाही, कारण तिची प्रच्छाया कधीच संपलेली असते.

मग चंद्राची प्रच्छाया पृथ्वीपर्यंत पोचते का?

कधी पोचते, कधी नाही. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर. त्याच्या प्रच्छायेची लांबी सरासरी 3 लाख 73 हजार किलोमीटरच्या आसपास भरते. चंद्राचं सरासरी अंतर मात्र 3 लाख 84 हजार किलोमीटर. म्हणजे सरासरी परिस्थितीत सावलीचं टोक पृथ्वीच्या थोडं अलीकडेच संपतं! चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो कधी 3 लाख 57 हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी 4 लाख सहा हजारांपर्यंत लांब जातो. जवळ असताना प्रच्छाया जमिनीला टेकते आणि खग्रास सूर्यग्रहण होतं.

टेकली तरी ते शंकूचं निमुळतं टोक असतं, म्हणून जमिनीवरचा गडद ठिपका फार तर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर रुंद असतो. सूर्य क्षितिजाजवळ असेल तर तो तिरपा पडून लांबट होतो. उपच्छाया उलट बाहेरच्या दिशेने पसरत जाते. तिचा पृथ्वीवरचा व्यास जवळपास सात हजार किलोमीटर असतो. म्हणूनच एकाच सूर्यग्रहणात खंडग्रास बघणारे अनेक देश असतात आणि खग्रास बघणारे एका चिंचोळ्या पट्ट्यातले लोक.

कंकणाकृती ग्रहणात आपण कोणत्या सावलीत असतो?

तिसऱ्याच. प्रच्छायेचं टोक हवेतच संपलं की त्यापुढे तेच किरण एकमेकांना छेदून उलटा शंकू तयार करतात. त्यात उभं राहिलं की चंद्र सूर्याच्या मधोमध दिसतो, पण तो पुरता झाकत नाही, भोवती बांगडी उरते. वरच्या चकतीचा कागद अडीच मीटरवर नेल्यावर जो पुसट डाग उरतो, तो हाच.

26 डिसेंबर 2019 रोजी कासरगोड, कन्नूर, कोइंबतूर या पट्ट्यातले लोक या उलट्या शंकूत होते. मुंबई, पुणे, पणजी त्या वेळी उपच्छायेत होते, त्यामुळे इकडे कोर दिसली आणि तिकडे कंकण. कंकणाच्या पट्ट्यातसुद्धा काळोख होत नाही. ऊन फिकं, थंडगार वाटतं, पण दिवस दिवसच राहतो.

खंडग्रास सूर्यग्रहणात, म्हणजे उपच्छायेत असताना, जमिनीवर काय बदलतं?

सुरुवातीला काहीच नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. निम्मा सूर्य झाकला गेला तरी ज्याला ग्रहणाची कल्पना नाही त्याच्या लक्षातही येणार नाही. आपली बुबुळं हळूहळू मोठी होत जातात आणि मेंदू उजेडाची तूट भरून काढतो. उपच्छायेला जमिनीवर दिसणारी कड नसते. ती कुठून सुरू झाली हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

सुमारे तीन-चतुर्थांश सूर्य झाकल्यावर मात्र फरक जाणवायला लागतो. उजेड संध्याकाळसारखा तांबूस होत नाही, कारण सूर्य वरच असतो. तो नुसता कमी होतो, रंग किंचित धातूसारखे, निर्जीव भासतात. ढगाळ दिवशीही उजेड कमी असतो, पण तेव्हा सावल्या नसतात. इथे सावल्या असतात, आणि नेहमीपेक्षा जास्त रेखीव असतात.

या सावल्यांकडे नीट बघा. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या झाडाखाली एरवी गोल कवडसे पडतात. पानांमधली प्रत्येक फट सूर्याची उलटी प्रतिमा जमिनीवर पाडत असते, आणि सूर्य गोल म्हणून कवडसे गोल. ग्रहणात ते सगळे कोरीच्या आकाराचे होतात. चाळणी, झाऱ्या, विणलेली टोपली, काहीही चालतं. कंकणाकृती ग्रहणात त्याच झाडाखाली शेकडो कड्या पडतात.

आता हाताची सावली भिंतीवर पाडा. सूर्याची कोर अगदी बारीक झाली की प्रकाशाचा स्रोत एका दिशेने लांब आणि दुसऱ्या दिशेने अरुंद होतो. कोर उभी असेल तर उभ्या कडा कमालीच्या तीक्ष्ण दिसतात आणि आडव्या कडा नेहमीसारख्या पसरट राहतात. मनगट फिरवून बोटं एकदा उभी, एकदा आडवी धरली की फरक स्पष्ट कळतो. डोक्याच्या सावलीत एका बाजूचे केस सुटे सुटे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. कोरीची जाडी कमी झाल्यामुळे त्या दिशेतली उपच्छायेची रुंदीच कमी झालेली असते, एवढंच त्यामागचं कारण.

99 टक्के ग्रहण म्हणजे जवळजवळ खग्रासच ना?

नाही. या पानावरचा एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. सूर्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट असतो. 99 टक्के सूर्य झाकला तरी उरलेला एक टक्का म्हणजे जवळपास चार हजार पौर्णिमांचा उजेड. भर दुपारी जमिनीवर एक लाख लक्स प्रकाश पडतो असं धरलं तर एक टक्का म्हणजे हजार लक्स, आणि चांगलं उजळलेलं ऑफिस पाचशे लक्सच्या घरात असतं. ऑफिसात कोणी काळोख झाला म्हणत नाही.

शेवटचा तो एक टक्का गेल्यावर काही सेकंदांत प्रकाश हजारो पटीने घसरतो. मगच प्रभामंडळ दिसतं, शुक्रासारखे ग्रह दिसतात, क्षितिजावर संधिप्रकाश पेटतो. उपच्छायेत शंभर किलोमीटर प्रवास केला तर फारसा फरक पडत नाही. प्रच्छायेच्या काठावर एक किलोमीटर आत-बाहेर झाल्याने मात्र सगळंच बदलतं. म्हणून ‘आमच्या गावी 98 टक्के आहे, तेवढं पुरे’ असं कोणी म्हटलं तर त्याला शांतपणे पट्ट्याचा नकाशा दाखवावा.

प्रच्छाया येताना प्रत्यक्ष दिसते का?

हो, उंचावर असाल आणि पश्चिमेकडे मोकळं क्षितिज असेल तर. चंद्राची सावली सर्वसाधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. खग्रास स्थितीच्या एक-दोन मिनिटं आधी पश्चिम क्षितिजावर निळसर-करडा काळोख दाटतो. वळवाचा पाऊस अंगावर चालून यावा तसा तो दिसतो, पण त्याला ढगाचा आकार नसतो, वीज नसते, आवाजही नसतो. वरच्या बाजूने तो कमानीसारखा फुगत जातो आणि डोक्यावरून पलीकडे निघून जातो. खग्रास संपताना पश्चिमेचं क्षितिज आधी उजळतं आणि सावलीची मागची कड पूर्वेकडे पळताना दिसते.

आपल्याला इथे जे दिसतं ती जमिनीवरची कड नसते, हवेतली असते. आपल्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरची हवा आधी सावलीत बुडते, तिच्यातून विखुरलेला प्रकाश थांबतो, म्हणून आकाशाचा तो भाग काळवंडतो. सपाट मैदानात, झाडाझुडपांत किंवा इमारतींच्या गर्दीत उभे असाल तर हे सगळं चुकतं. बहुतेक जण त्या वेळी सूर्याकडे बघण्यात गुंतलेले असतात, तेही एक कारण. टोळीतल्या एकाने तरी सूर्याकडे पाठ करून पश्चिमेचा व्हिडिओ घ्यावा.

ती सावली किती वेगाने पळते?

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. 2 ऑगस्ट 2027 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधलं लक्सर, सौदी अरेबियातलं जेद्दा आणि मक्का, मग येमेन, सोमालिया असा जातो. लक्सरच्या जवळ खग्रास स्थिती सर्वाधिक, म्हणजे 6 मिनिटं 23 सेकंद टिकेल आणि तिथे पट्ट्याची रुंदी सुमारे 258 किलोमीटर असेल.

तिथे सूर्य जवळपास डोक्यावर असल्याने सावलीचा ठिपका बऱ्यापैकी गोल असतो. म्हणजे मध्यरेषेवरच्या माणसावरून साधारण 258 किलोमीटर लांबीची सावली 383 सेकंदांत सरकते. भागाकार केला की सेकंदाला पाऊण किलोमीटरपेक्षा जरा कमी, म्हणजे ताशी जवळपास 2,400 किलोमीटर वेग येतो. चंद्राची सावली अवकाशात याहून वेगाने जात असते, पण पृथ्वीही त्याच दिशेने फिरते, त्यामुळे जमिनीच्या हिशोबाने वेग कमी भरतो. विषुववृत्ताजवळ दुपारी तो सर्वांत कमी असतो. सकाळ-संध्याकाळच्या टोकांना, जिथे सावली तिरपी घासत जाते, तो कित्येक पट वाढतो.

30 जून 1973 रोजी कॉन्कॉर्ड विमानाने आफ्रिकेवरून उडताना याच वेगाशी जवळपास बरोबरी साधली. जमिनीवर त्या ग्रहणाची खग्रास स्थिती जास्तीत जास्त सात मिनिटांच्या आसपास होती. विमानातल्या शास्त्रज्ञांना ती 74 मिनिटं मिळाली.

मध्यरेषेवरच जायला हवं का?

गरज नाही. गोल ठिपक्याची कल्पना करा. मध्यरेषेपासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर उभं राहिलं तरी खग्रास काळ 87 टक्के मिळतो. लक्सरच्या उदाहरणात म्हणजे 60-65 किलोमीटर बाजूला सरकूनही साडेपाच मिनिटं. पण कडेच्या जवळ ही घट फार झपाट्याने होते: नव्वद टक्के बाजूला गेलात तर निम्म्याहून कमी वेळ उरतो, आणि अगदी कडेवर फक्त काही सेकंद. कैरो या पट्ट्याच्या बाहेर आहे. तिथे राहून बघणाऱ्याला मोठं खंडग्रास दिसेल, खग्रास नाही.

आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं की जेद्दा पट्ट्यात आहे, रियाध नाही.

खग्रास स्थितीत मिट्ट काळोख होतो का?

होत नाही. सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटांनी असतो तसा उजेड राहतो. घड्याळ वाचता येतं, माणसं ओळखू येतात, बारीक अक्षर मात्र वाचवत नाही. यातला थोडा उजेड प्रभामंडळाचा असतो, जे सगळं मिळून साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढं तेजस्वी असतं. उरलेला सावलीच्या बाहेरून येतो. तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ऊन पडलेलंच असतं आणि तिथल्या हवेतून विखुरलेला प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतो. म्हणूनच त्या वेळी चारही दिशांना क्षितिजावर नारिंगी-पिवळा पट्टा दिसतो. चहूबाजूंनी एकाच वेळी सूर्यास्त झाल्यासारखं दिसण्याचं कारण हेच.

यावरून एक गोष्ट आपोआप निघते. प्रच्छाया रुंद असेल तर बाहेरचं ऊन लांब, म्हणून काळोख जास्त. ती अरुंद असेल तर उजेड जास्त. 24 ऑक्टोबर 1995 रोजी राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत गेलेला पट्टा अरुंद होता आणि खग्रास स्थिती जेमतेम मिनिटभराची. तसल्या ग्रहणात आकाश 2027 इतकं गडद होण्याची अपेक्षाच धरू नये.

ढग आले तर सगळं वाया जातं का?

सूर्य वाया जातो, सावली नाही. 22 जुलै 2009 चं ग्रहण या शतकातलं सर्वांत दीर्घ होतं, प्रशांत महासागरावर 6 मिनिटं 39 सेकंदांचं. त्याचा पट्टा सुरतेवरून भारतात शिरला आणि इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा पुढे गेला. पण दिवस ऐन पावसाळ्याचे. बिहारमधल्या तारेगना इथे प्रचंड गर्दी जमली होती आणि वर ढग होते. लोकांना प्रभामंडळ दिसलं नाही. सकाळच्या उजेडातून अचानक झालेला काळोख मात्र त्यांच्यापासून कोणी हिरावून घेतला नाही.

जाड ढगाखाली प्रच्छाया उलट जास्त नाट्यमय भासते. ढगांची खालची बाजू पडद्यासारखं काम करते आणि तिच्यावरून काळोखाची कड सरकताना दिसते. डोळे दिपवणारी सूर्याची कोर नसल्याने नजर आधीच अंधाराला सरावलेली असते, तेही उपयोगी पडतं.

खग्रासच्या आधी जमिनीवर लहरी पळतात, त्या उपच्छायेच्या का?

त्यांना छायापट्टे म्हणतात आणि त्यांचा उपच्छायेच्या भूमितीशी थेट संबंध नाही. सूर्याची कोर धाग्याएवढी बारीक झाली की हवेतल्या गरम-थंड थरांमुळे तिचा प्रकाश थरथरतो. चांदण्या लुकलुकतात त्याच कारणाने. त्या थरथरीचे फिके पट्टे जमिनीवर सरकतात. खग्रासच्या आधी आणि नंतर मिनिट-दीड मिनिट ते दिसू शकतात, पण खूप पुसट असतात. गवतावर किंवा डांबरावर सापडणार नाहीत, पांढरी चादर अंथरून ठेवा. काही ग्रहणांत ते छान दिसतात, काहींत अजिबात दिसत नाहीत. कॅमेऱ्यात पकडणं तर आणखी कठीण.

चंद्रग्रहणात या दोन सावल्या कशा ओळखायच्या?

इथे सावली पृथ्वीची आणि पडदा चंद्राचा. पृथ्वीची प्रच्छाया जवळपास 13 लाख 80 हजार किलोमीटर लांब असते, त्यामुळे चंद्राच्या अंतरावर ती अजून भरपूर जाड, सुमारे 9,200 किलोमीटर व्यासाची असते. चंद्राच्या व्यासाच्या अडीच पटीहून जास्त. तिच्याभोवती उपच्छायेचं कडं असतं आणि त्या कड्याची रुंदी साधारण एका चंद्राएवढी. चंद्र आपल्या व्यासाइतकं अंतर सुमारे तासाभरात कापतो. हे दोन आकडे लक्षात ठेवले की चंद्रग्रहणाचं वेळापत्रक समजायला वेळ लागत नाही.

7 सप्टेंबर 2025 च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण महाराष्ट्रातून आरंभापासून शेवटपर्यंत क्षितिजाच्या वर होतं. रात्री 8 वाजून 58 मिनिटांनी चंद्र उपच्छायेला टेकला. त्या क्षणी दुर्बिणीतूनही काही दिसत नाही, कारण उपच्छायेच्या बाहेरच्या कडेवरून बघितलं तर सूर्याचा नखाएवढाही भाग झाकलेला नसतो. साडेनऊनंतर चंद्राची पूर्वेकडची, म्हणजे त्या वेळची डावी-खालची कड किंचित मळकट वाटायला लागते. बरोबर तासाभराने, 9:57 ला, चंद्र प्रच्छायेला टेकला आणि तिथून पुढे कोणालाही सांगावं लागत नाही. काळी, वक्र कड चंद्रावर चढताना दिसते. ती वक्रता म्हणजे पृथ्वीच्या सावलीचाच काठ. फोटोत तो कंस पुढे वाढवून वर्तुळ पूर्ण केलं तर पृथ्वीची सावली चंद्रापेक्षा किती मोठी ते मोजता येतं.

11:01 ला चंद्र पूर्ण आत गेला. 11:42 ला ग्रहण मध्य, 12:23 ला बाहेर पडायला सुरुवात, 1:27 ला प्रच्छाया संपली आणि 2:25 ला उपच्छायाही. म्हणजे साडेपाच तासांच्या ग्रहणातले दोन तास उपच्छायेचे, आणि त्यातला निम्मा वेळ डोळ्यांना काही दिसत नाही असा. त्या ग्रहणात चंद्र सावलीच्या मध्याच्या दक्षिणेकडून गेला, त्यामुळे खग्रास असतानाही त्याची दक्षिण कड जरा उजळ आणि उत्तरेकडचा भाग जास्त गडद होता.

प्रच्छायेत गेल्यावर चंद्र दिसेनासा न होता लाल का होतो?

चंद्रावर उभं राहून बघा, निदान मनाने. पृथ्वीने सूर्य पूर्ण झाकलाय, पण पृथ्वीभोवतीच्या हवेच्या पातळ थरातून सूर्यप्रकाश वाकून आत येतोय. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, तांबडा पुढे जातो. पृथ्वीवरच्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा उरलेला प्रकाश चंद्रावर पडतो, म्हणून तांब्यासारखा रंग. म्हणजे पृथ्वीची प्रच्छाया काटेकोर अर्थाने पूर्ण काळी नसते. चंद्राला हवा नाही, म्हणून त्याच्या सावलीत असं काही होत नाही.

हवेत ज्वालामुखीची राख भरपूर असली तर हा प्रकाश अडतो. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा उद्रेक झाला आणि डिसेंबर 1992 च्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र इतका काळवंडला की शोधावा लागला.

हवेमुळेच प्रच्छायेची कड मऊ दिसते आणि सावली हिशोबापेक्षा किंचित मोठी भरते. ला हीर या फ्रेंच खगोलज्ञाने 1702 मध्येच हे टिपलं होतं. ग्रहणाच्या वेळा काढताना आजही सावली दीड-दोन टक्क्यांनी वाढवून धरतात, आणि ती नेमकी किती वाढवायची यावरून वेगवेगळ्या तक्त्यांत वेळा थोड्याफार वेगळ्या दिसतात. तुमच्या कॅलेंडरात आणि ॲपमध्ये एखाद्या मिनिटाचा फरक असेल तर कोणी चुकलेलं नाही.

छायाकल्प चंद्रग्रहण दिसतं का?

चंद्र नुसता उपच्छायेतून गेला की त्याला छायाकल्प किंवा मांद्य चंद्रग्रहण म्हणतात. चंद्राचा अर्ध्याहून बराच मोठा भाग उपच्छायेत शिरल्याशिवाय डोळ्यांना काही कळत नाही. 5 मे 2023 ला चंद्र उपच्छायेत जवळजवळ पूर्ण गेला होता. रात्री अकराच्या थोडं आधी प्रच्छायेच्या जवळची कड धुरकटलेली दिसली, तीही आधी कोणी सांगून ठेवलं असेल तरच. अशा ग्रहणाचा खरा पुरावा हवा असेल तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर हाताने ठरवून दर पंधरा मिनिटांनी तसाच फोटो घ्या आणि फोटो शेजारी शेजारी ठेवा. मोबाइल आपोआप उजेड वाढवतो, त्यामुळे त्याचे फोटो इथे फसवतात.

पंचांगातही या ग्रहणाचे वेध वगैरे पाळायचे नसतात असंच लिहिलेलं असतं.

डोळ्यांची काळजी कोणत्या सावलीत घ्यायची?

सूर्यग्रहणात तुम्ही उपच्छायेत असाल तोपर्यंत, अगदी 99 टक्क्यांनाही, ISO 12312-2 प्रमाणित ग्रहण चष्मा हवाच. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, हे काही चालत नाही. पट्ट्यात असाल आणि सूर्य पूर्ण झाकला गेला की चष्मा काढायचा, नाहीतर काहीच दिसणार नाही. पहिला लखलखता ठिपका फुटला की पुन्हा चढवायचा. कंकणाकृती ग्रहणात चष्मा काढायचा क्षण येतच नाही. चंद्रग्रहण कसंही बघा, दुर्बिणीतूनही.

महाराष्ट्रातून आता पुढे काय बघता येईल?

2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर महाराष्ट्र उपच्छायेत येईल. सूर्याची थोडीशीच कड झाकली जाईल आणि दिवस पावसाळ्याचा आहे. कवडशांत फार आकार सापडणार नाहीत, पण ढग फाटले तर चष्म्यातून चावा स्पष्ट दिसेल. भारताच्या भूमीवर प्रच्छाया टेकायची असेल तर 20 मार्च 2034 पर्यंत थांबावं लागेल. तेव्हा ती लडाख-काश्मीरच्या भागातून जाईल. त्याआधी 21 मे 2031 ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आहे.

पृथ्वीची प्रच्छाया मात्र घरच्या गच्चीवरून बघायला मिळेल. 31 डिसेंबर 2028 च्या रात्री साडेआठनंतर ती चंद्रावर चढू लागेल आणि पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्ण आत असेल. हवा थंड, आकाश बहुधा निरभ्र. साडेसातपासून कड मळकट होतेय का ते बघायला सुरुवात केली तर उपच्छायाही हाती लागेल.